अभिनंदनाचा ठराव

अजिनाथअण्णांना सभेचं वेड होतं. कुणाला तंबाखू लागते, कुणाला पत्ते लागतात, अण्णांना सभा लागायची. उभी हयात कोल्हारजवळच्या आपल्या गावात विकास सोसायटीचे सचिव म्हणून काढली. किती चेअरमन आले नि किती गेले, पण टेबलाच्या कडेला बसून ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ हे लिहिणारा हात एकच. निवृत्त झाले आणि सभाच संपली की हो! राहात्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर सकाळी पेपर वाचायचा, दुपारी पेपर वाचायचा, आणि संध्याकाळी तोच पेपर साळूबाईंना वाचून दाखवायचा. बाई बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या. जाणार तरी कुठं?

तीच तर खरी गोष्ट होती. साळूबाईंना चौथ्या मजल्यावरून खाली उतरता येत नव्हतं.

फ्लॅट घेताना चौथा मजला अण्णांनीच हट्टानं निवडला होता. वारा येतो, लांबपर्यंत पेरूच्या बागा दिसतात, आणि लिफ्ट आहेच की, असं त्यांचं म्हणणं. राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत बाई न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दवाखान्यातून आणलं, तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून वर नेलं. तेव्हापासून त्या वरच. घरातल्या घरात वॉकर धरून चालत, पण जिना उतरायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. लिफ्ट बसवलेली होती, तिला आरसासुद्धा होता, आणि दाराला कुलूप होतं. बिल्डरचा इंजिनिअर सचिन याला विचारलं की तो म्हणायचा, “पंधरा दिवसांत होतंय, अण्णा.” पोरगा गोड बोलायचा, रागावताही यायचं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली, त्याचे पंधरा दिवस काही सरले नाहीत.

म्हणून जेव्हा बिल्डर काकासाहेबांनी निरोप धाडला की रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बैठक आहे, इमारत फ्लॅटवाल्यांच्या हवाली करायची आहे, सोसायटी स्थापन करायची आहे, राहिलेली कामं आणि द्यायचे कागद सगळं इतिवृत्तात लिहून सह्या करायच्या आहेत, तेव्हा अण्णांनी इस्त्रीचा सदरा आदल्या दिवशीच काढून ठेवला. निघताना साळूबाईंनी एवढंच म्हटलं, “लिफ्टचं तेवढं लिहून घ्या. तोंडी नको.”

“तू काळजीच करू नको,” अण्णा म्हणाले. “सभा मला शिकवायची का?”

पार्किंगमध्ये कापड बांधलेलं, खुर्च्या मांडलेल्या, कोपऱ्यात आचारी जिलेबी तळतोय. आपल्याकडं सभेला आधी खायचा वास लागतो, विषय नंतर. काकासाहेब आले. माणूस वजनदार, गुडघे दुखरे, पण सगळ्यांची नावानिशी चौकशी करणारा. बन्सी बागायतदाराला विचारलं, डाळिंबाला काय भाव लागला? बन्सी फुलून गेला. सचिन लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन बसला होता. इतिवृत्त तोच टाइप करणार होता. हजेरीचा कागद फिरला, सगळ्यांनी आपापल्या फ्लॅटच्या आकड्यापुढं सह्या ठोकल्या.

मग पहिलाच विषय निघाला तो मुख्य प्रवर्तक निवडण्याचा. सोसायटीची नोंदणी होईपर्यंत तिच्या वतीनं धावपळ करायची, निबंधकांच्या कचेरीत अर्ज न्यायचा, बँकेत खातं काढायचं, कागदावर सह्या करायच्या, असं ते पद. काकासाहेबांनीच सुचवलं, “आपल्या अण्णांइतका जाणकार कोन हाय?” टाळ्या पडल्या. अण्णांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. खोटं कशाला बोला, अण्णांचा ऊर भरून आला. निवृत्तीनंतर कुणी त्यांना एका कागदावरसुद्धा सही मागितली नव्हती.

आणि इथंच म्हातारा चुकला.

सवय वाईट हो. विकास सोसायटीची कुठलीही सभा अभिनंदनाच्या ठरावाशिवाय सुरू होत नसे. चेअरमनच्या पोरीला बारावीत चांगले मार्क पडले, करा अभिनंदन. संचालकाच्या बैलानं शर्यत मारली, करा अभिनंदन. तो ठराव अण्णांच्या जिभेवर झोपेतसुद्धा तयार असायचा. शाल अंगावर पडली आणि अण्णा उठून बोलून गेले, की काकासाहेबांनी करारात सांगितल्याप्रमाणे सर्व कामं वेळेत, उत्तम आणि समाधानकारक पूर्ण करून दिली, त्याबद्दल ही सभा त्यांचं हार्दिक अभिनंदन करीत आहे. बन्सीनं अनुमोदन दिलं. पुन्हा टाळ्या. सचिनची बोटं टकाटका चालली. काकासाहेबांनी हात जोडले.

त्यानंतर राहिलेल्या कामांचा विषय आला. तिसऱ्या मजल्यावरची सायली, बँकेत अधिकारी, एकटी राहायची, तिनं मोबाईलमध्ये फोटो काढून आणले होते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला ओल, पार्किंगमध्ये पाणी साचतं कारण उतार उलटा दिलाय, मागची कंपाउंड भिंत अर्धीच, आणि लिफ्ट बंद. कागदांत भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, मंजूर नकाशे, इमारतीच्या मजबुतीचा दाखला, लिफ्टचा परवाना, यातलं हातात काहीच नाही. आणि जमीन नि इमारत सोसायटीच्या नावावर करून देण्याचा दस्त कधी, तेही तिनं विचारलं. काकासाहेब प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. करू की. देऊ की. आपलीच इमारत हाय.

आचाऱ्यानं ताटं मांडली तशी सगळ्यांची चुळबुळ सुरू झाली. सचिननं छापील कागद काढले आणि सह्यांसाठी फिरवायला लागला. अण्णा म्हणाले, आधी वाच. इतिवृत्त वाचल्याशिवाय मंजूर होत नसतं. सचिन वाचायला लागला.

ठराव क्रमांक दोन. विकासकाने करारानुसार सर्व कामे वेळेत, उत्तम व समाधानकारक पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन. सूचक श्री. अजिनाथ, अनुमोदक श्री. बन्सी. सर्वानुमते मंजूर. ठराव क्रमांक तीन. सभासदांनी काही किरकोळ सूचना मांडल्या, त्यांचा विकासक यथावकाश विचार करतील.

 ‘यथावकाश’ हा शब्द अण्णांनी स्वतः किती शेतकऱ्यांच्या अर्जावर लिहिला होता. त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

सायली उठली. म्हणाली, हे चालणार नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेले बांधकामातले दोष बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचे असा कायदा आहे. पण उद्या आपण तक्रार घेऊन रेराकडं गेलो, तर हेच हा कागद पुढं करतील. सगळी कामं पूर्ण झाली, समाधानकारक झाली, असं तुम्हीच लिहून दिलंय म्हणतील. लिफ्टसुद्धा त्यात आली.

लिफ्टसुद्धा. अण्णांनी मान वर करून पाहिलं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत साळूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. वरून त्यांना बोलणं ऐकू जात नसणार, पण ताटं मांडलेली दिसत होती, टाळ्या ऐकल्या असणार. त्यांना वाटत असेल, लिफ्टचं झालं. अण्णांना स्वतःची एवढी चीड आली की शाल अंगाला टोचायला लागली. सभा मला शिकवायची का, म्हणे!

त्यांनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. म्हणाले, मी माझा ठराव मागं घेतो.

 अभिनंदनाचा ठराव मागं घेतल्याचं आख्ख्या तालुक्यात कुणी कधी ऐकलं नव्हतं. घरी बोलावून पाहुण्याच्या पुढचं ताट ओढून घ्यावं तसलं ते. काकासाहेबांचा चेहरा उतरला. रागापेक्षा वाईट वाटल्यासारखा.

“अण्णा, माझं काय चुकलं? शाल मी घातली, आन् तुमी सगळ्यांदेखत माझी पगडी काढता?”

सचिननं तोपर्यंत कायद्याचा आधार शोधला होता. ठराव एकदा मंजूर झाला की तो सभेचा झाला, एकट्या सूचकाचा राहत नाही, बदलायचा तर पुढच्या सभेत बदला. आणि हे खरंच होतं. अण्णांनीच कितीदा हे दुसऱ्यांना ऐकवलं होतं. बन्सी म्हणाला, जाऊ द्या अण्णा, काकासाहेब काय पळून चाललेत का, जिलेबी गार होतीय.

अण्णा खाली बसले. समोर हजेरीचा कागद पडला होता. डोळे त्याच्यावर होते, मन भलतीकडंच. आणि मग त्यांनी तो कागद जवळ ओढला. फ्लॅटचा आकडा, खरेदीदाराचं नाव, सही. चौथ्या मजल्याच्या ओळीत नाव होतं साळूबाईंचं आणि सही होती अण्णांची. बाईच्या नावावर दस्त केला की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून फ्लॅट एकट्या साळूबाईंच्या नावावर घेतलेला. दुसऱ्या मजल्यावर नाव सुमनबाईंचं, सही त्यांच्या नवऱ्याची, बन्सीची. अर्ध्याहून जास्त ओळींत हेच. सवलत बायकांच्या नावावर, आणि सायली सोडली तर सभेत बसलेले सगळे बाप्ये! बायका वर घरात, कुणी भाकऱ्या थापतंय, कुणी धुणं वाळत घालतंय. एकानंही, अण्णांनीसुद्धा, यात काही वावगं आहे असं मनात आणलं नव्हतं.

यातून वाट निघत होती. पण ती वाट अण्णांच्या स्वतःच्या खुर्चीवरून जात होती, आणि ते त्यांना लगेच कळलं. क्षणभर जिवावर आलं. आत्ताच तर मिळालं होतं ते पद, अजून नारळसुद्धा फोडला नव्हता. त्यांनी पुन्हा एकदा गॅलरीकडं पाहिलं आणि उठले.

“ठराव मागं घ्यायची गरजच न्हाई,” ते म्हणाले. “ठराव झालाच न्हाई. सूचक सभासद पाहिजे. मी सभासद न्हाई. फ्लॅट माझ्या बायकोचा हाय. बन्सीबी न्हाई, त्याचा फ्लॅट सुमनबाईंचा हाय.”

सचिन गडबडला. म्हणाला, मग अण्णा, तुमची मुख्य प्रवर्तक म्हणून निवडसुद्धा...

“तीबी न्हाई झाली,” अण्णा म्हणाले. “खोड ती.”

सायलीनं हजेरीचा कागद हातात घेतला, नावं मोजली, आणि शांतपणे सांगितलं की अण्णांचं बरोबर आहे, प्रवर्तक फक्त खरेदीदारच होऊ शकतो. खरेदीदारांना बोलवा, सभा नव्यानं घेऊ. ती स्वतः खरेदीदार होती, म्हणून तिलाच अध्यक्ष केलं. मग काय विचारता! बन्सीनं जिन्यातून हाका मारल्या. सुमनबाई पिठाचे हात पदराला पुसत आल्या, बाकीच्याही आल्या, कुणी चिडून, कुणी हसत. सुमनबाईंनी आल्या आल्या नवऱ्याला विचारलं, माझ्या नावानं काय काय मंजूर करून बसलात? बन्सी जिलेबीकडं बघत राहिला.

सगळ्या आल्या. एक सोडून.

काकासाहेब घड्याळ बघत म्हणाले, वहिनींना कशाला त्रास, सचिन वर जाऊन सही घेऊन येईल. यात तसं वाईट काही नव्हतं. त्यांनी काळजीनंच म्हटलं होतं. पण अण्णा जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी जाऊन उभे राहिले.

“सही नको, काकासाहेब. मत पाहिजे. ती खाली यिऊ शकत न्हाई, तर सभा वर जाईल.”

सायलीनं लगेच इतिवृत्तात लिहायला सांगितलं की सभेचं ठिकाण बदलून चौथ्या मजल्यावर घेण्यात येत आहे. आणि निघाली वरात. पुढं बायका, मागं बाप्ये, मध्ये लॅपटॉप छातीशी धरून सचिन, आणि सगळ्यांच्या शेवटी कठडा धरून काकासाहेब. दुसऱ्या मजल्यावर थांबले, श्वास घेतला. तिसऱ्यावर पायरीवरच बसले. अण्णा त्यांच्यासाठी थांबून राहिले.  लिफ्टचं कुलूपबंद दार प्रत्येक मजल्यावर समोरच होतं, त्याला काय करणार?

साळूबाईंनी दार उघडलं तर जिन्यात ही गर्दी! त्यांना आधी वाटलं काही वाईट झालं. मग सुमनबाईंनी सांगितलं तशा हसायला लागल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांच्या घरात एवढी माणसं आली होती. सतरंजी काढा, पाणी द्या, काकासाहेबांना खुर्ची द्या, अशी वॉकर धरल्या धरल्या त्यांची धावपळ सुरू झाली. अण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. आता ते नुसते घरधनी होते.

सायलीनं पहिल्यापासून विषय घेतले. कामांची यादी एकेक वाचली, प्रत्येकापुढं काकासाहेबांकडून तारीख मागितली. आता ‘किरकोळ’ हा शब्द कुणी काढला नाही. गच्चीची तारीख मिळाली, उताराची मिळाली, भिंतीची मिळाली. भोगवटा प्रमाणपत्र आणि नकाशे सोमवारीच देतो म्हणाले. लिफ्टवर गाडं अडलं. सचिन म्हणाला, निरीक्षकांची तपासणी व्हायचीय, ते आपल्या हातात नाही. सायलीनं विचारलं, तपासणीसाठी अर्ज केला का? सचिननं काकासाहेबांकडं पाहिलं. मग हळूहळू बाहेर आलं. लिफ्टला कायमचा थ्री-फेज मीटर लागतो. तो मीटर अजून घेतलेलाच नव्हता, सगळी इमारत बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर चालली होती. मीटर नाही म्हणून तपासणीचा अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून निरीक्षक नाही. इतके महिने ‘पंधरा दिवस’ म्हणत होते ते कशाचे, देवाला ठाऊक.

 काकासाहेब रुमालानं मान पुसत म्हणाले, मीटरचं बघू, पण लिफ्टपुढं आज तारीख नको, ‘लवकरच’ लिहा. आणि वहिनी, आता आटपतं घेऊ, उशीर होतोय, जेवणं खोळंबलीत.

“व्हऊ द्या उशीर,” साळूबाई म्हणाल्या. “मला तरी कुठं जायचंय?”

त्या काही टोमणा मारायला बोलल्या नव्हत्या. पाण्याचा तांब्या पुढं करता करता सहज म्हणाल्या. पण ऐकून काकासाहेबांचा हात तांब्यावरच थांबला. सुमनबाईंनी पदर डोळ्याला लावला. अण्णांना तर कुठं बघावं कळेना. रोज पेपर वाचून दाखवत होते, आणि बाईला पेपर नको, रस्ता पाहिजे होता, हे त्यांना आज भरसभेत कळत होतं.

काकासाहेब पाणी प्यायले. मग सचिनकडं न बघता म्हणाले, “लिही. मीटरचा अर्ज उद्या सोमवारी, वायरिंगच्या चाचणीच्या अहवालासकट. पोच सायलीताईंकडं. मीटर बसला की त्याच आठवड्यात तपासणीचा अर्ज. लिफ्ट परवान्यासकट चालू, एकतीस मार्च. कंपनीच्या नावानं नको, माझ्या नावानं लिही.”

सचिननं लिहिलं. सायलीनं मग अभिनंदनाच्या ठरावाचं काय करायचं, ते विचारलं. सगळे साळूबाईंकडं बघायला लागले. बाईंनी थोडा विचार केला. म्हणाल्या, काकासाहेबांनी घर चांगलं बांधलंय, भिंती पक्क्या हायेत, मी दिवसभर त्याच बघते. अभिनंदन करू की. पन खाली करू, पार्किंगात, समद्यांसमोर. त्याला मला यायचंय. तवर ठिवा. सायलीनं लिहायला सांगितलं की हा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब. काकासाहेबांनी मान डोलावली. त्यांची पगडीही राहिली आणि साळूबाईंच्या लिफ्टची तारीखही.

शेवटचा विषय मुख्य प्रवर्तक. अण्णांनी नकळत सदरा सरळ केला आणि मग आपणच ओशाळले. सुमनबाई उठल्या आणि म्हणाल्या, माझी सूचना साळूबाईंची. दोन-तीन आवाजांनी एकदमच अनुमोदन दिलं. काकासाहेब चाचरत म्हणाले की निबंधकांच्या कचेरीत जावं लागतं, बँकेत जावं लागतं, वहिनींना कसं जमणार? सोसायटीची नोंदणी तर लवकर व्हायला पाहिजे, तोवर इमारतीची सगळी देखभाल माझ्याच गळ्यात.

“जाईन की,” साळूबाई म्हणाल्या. “लिफ्टनं खाली उतरीन आन् जाईन. तुमी तारीख दिलीय न्हवं?”

 आपली गरज आपल्याच तारखेला कशी बांधली गेली, ते काकासाहेबांसारख्या मुरलेल्या माणसाला तेवढ्यात उमगलं, आणि ते हसले. मनापासून हसले, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

प्रिंटर वर आणला, नवं इतिवृत्त छापलं, पहिल्या ओळीपासून वाचलं, मग सह्या झाल्या. हजेरी नव्यानं लिहिली गेली. साळूबाईंनी पेन हातात घेतलं. त्यांना लिहायला यायचं, पण सही करायची वेळ फारशी आली नव्हती, सगळीकडं अण्णाच करून टाकायचे. त्यांनी आपल्या नावापुढं सावकाश, एकेक अक्षर काढलं.

सायलीनं विचारलं, “अण्णांना कुठं दाखवायचं?”

“निमंत्रित म्हनून लिहा,” साळूबाई म्हणाल्या.

अण्णांनी निमंत्रित म्हणून सही केली. मग खाली जाऊन दोन ताटं घेऊन ते परत जिना चढायला लागले.